आधी अंगठा, मग वजन

टेनपिन बोलिंग हा खेळ आपल्याकडे अजून बऱ्यापैकी नवा. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये, चित्रपटगृहाच्या शेजारच्या मजल्यावर तो असतो. गुळगुळीत लेन, टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना आणि हातात तीन भोकांचा जड बॉल. वाढदिवस असो, ऑफिसची सहल असो, एखादा रविवार असो, माणसे तास दीड तास खेळतात, हसतात आणि घरी जातात. पुढची गोष्ट सोमवारी सकाळी सुरू होते.

अशाच एका सोमवारी माझ्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, काल तुझ्या आग्रहावरून आम्ही सगळे बोलिंगला आलो. आज हिला कणीक मळता येत नाहीये. डब्याचं झाकणही मीच उघडून दिलं." मी वहिनींना फोन द्यायला सांगितला आणि विचारलं, "वहिनी, नेमकं कुठे दुखतंय?" त्या म्हणाल्या, "अंगठ्याच्या बुडाशी. मनगटापर्यंत कळ जाते." मी विचारलं, "बॉल किती पौंडांचा घेतला होता?" उत्तर आलं, "तेरा. तिथे कुणीतरी सांगितलं, वजनाच्या दहा टक्के घ्या."

आजच्या भाषणात मला या तेरा पौंडांविषयी बोलायचे आहे. वहिनींच्या अंगठ्याला दुखवले ते एकट्या वजनाने नव्हे. दुखण्याचे मूळ बॉलच्या भोकांत होते, आणि पुढच्या रविवारी आम्ही ते शोधून काढले.

आधी बॉलची ओळख करून घेऊ. बोलिंगचे बॉल आकाराने जवळजवळ एकसारखेच असतात. व्यास सुमारे साडेआठ इंच, म्हणजे एखाद्या मध्यम कलिंगडाएवढा. वजन मात्र खूप बदलते. नियमानुसार जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. मॉलमधल्या रॅकवर साधारण ६ पौंडांपासून पुढचे बॉल ठेवलेले असतात. वजनाचा आकडा बॉलवर कोरलेला किंवा छापलेला असतो. ज्याचा स्वतःचा बॉल नाही, अशा कुणीही उचलावा म्हणून ठेवलेल्या या बॉलना हाऊस बॉल म्हणतात.

आता दहा टक्क्यांचा हिशोब पाहा. वहिनींचे वजन ६२ किलो, म्हणजे सुमारे १३७ पौंड. दहा टक्के केले की साडेतेराच्या आसपास येतात. म्हणून त्यांना १३ पौंडांचा बॉल दिला गेला. हा ठोकताळा जगभर सांगितला जातो आणि नियमित सराव करणाऱ्याला सुरुवातीचा अंदाज म्हणून तो चालतोही. पण शरीराचे वजन म्हणजे मनगटाची ताकद नव्हे. दोन महिन्यांतून एकदा खेळणाऱ्या माणसाने या आकड्यातून दोन-तीन पौंड कमी करून सुरुवात करावी, हे माझे मत.

तीन पौंडांनी असा काय फरक पडतो, असे कुणी विचारील. एका गेममध्ये दहा फ्रेम असतात आणि खेळाप्रमाणे ११ ते २१ वेळा बॉल टाकावा लागतो. नवख्या खेळाडूला सतरा-अठरा वेळा तरी टाकावा लागतोच. म्हणजे तीन गेममध्ये पन्नासेक वेळा. पन्नास वेळा तीन पौंड म्हणजे दीडशे पौंड, जवळजवळ ६८ किलो. एवढे जादा ओझे त्या एका हाताने संध्याकाळभरात झुलवले.

पण वजनापेक्षा मोठा घोटाळा वेगळाच आहे, आणि तो रॅकसमोर उभे राहून दिसत नाही. हाऊस बॉलची भोके वजनाच्या अंदाजाने पाडलेली असतात. हलका बॉल मुलांसाठी, म्हणून त्याची भोके अरुंद आणि एकमेकांच्या जवळ. जड बॉल मोठ्या पुरुषांसाठी, म्हणून त्याची भोके रुंद आणि लांब लांब. ज्याचा हात या अंदाजात बसतो, त्याचे ठीक चालते. पण बारीक बोटांच्या वहिनींनी तेरा पौंडांचा बॉल उचलला, तेव्हा वजनाबरोबर कुणा धिप्पाड माणसाच्या अंगठ्याचे भोकही त्यांच्या पदरात पडले.

अंगठा त्या भोकात सैल होता. मग काय होते? हात मागे झुलतो, तेव्हा बॉल निसटेल असे वाटते. मेंदू काही विचारत नाही, तो हाताला हुकूम देतो की आवळ. अंगठा भोकात आकड्यासारखा वाकतो, त्याचा सांधा भोकाच्या भिंतीला टेकतो आणि बुडाशी असलेले स्नायू बॉलला चिमटीत धरून ठेवतात. बोलिंगच्या बॉलला असे चिमटीत धरायचे नसते. नीट बसलेला बॉल हाताला नुसता लटकतो, जशी कोपराखाली पिशवी लटकते. वहिनींनी मात्र पन्नास वेळा तो पिळून धरला. मग सोमवारी कणीक कशी मळली जाणार?

आठवडाभर हाताला विश्रांती दिली, दुखणे पूर्ण थांबले, आणि पुढच्या रविवारी आम्ही खेळ सुरू होण्याच्या वीस मिनिटे आधी तिथे गेलो. मी त्यांना सांगितले, "आज आकडा शेवटी बघायचा. आधी अंगठा, मग वीत, मग बोटे आणि मग वजन."

अंगठ्याची परीक्षा सोपी आहे. बॉल रॅकवरच राहू द्यायचा, उचलायचा नाही. अंगठा सरळ ठेवून भोकात पार बुडापर्यंत घालायचा. मग तो आतल्या आत थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे फिरवायचा. कातडी सगळ्या बाजूंनी भोकाला हलकेच घासली पाहिजे, पण ओढली जाता कामा नये. बाहेर काढताना अंगठा न अडकता यावा. बाहेर काढताना सांध्याशी अडकला, तर भोक अरुंद. आत घातल्यावर भोवती मोकळी जागा जाणवली आणि अंगठा आपोआप वाकायला लागला, तर भोक सैल. त्याच वेळी दुसऱ्या हाताचे बोट भोकाच्या काठावरून फिरवून बघावे. वापरून वापरून काही बॉलचे काठ टवके उडून धारदार होतात. असा बॉल कितीही छान बसला तरी परत ठेवावा.

वहिनींनी पहिल्यांदा ९ पौंडांचा बॉल पाहिला. अंगठा सांध्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पिळून पिळून आत जात होता. तो बाद. अरुंद भोकाचा त्रास वेगळाच असतो. बॉल सोडण्याच्या क्षणी अंगठा बाहेर येत नाही, कातडी सोलते, फोड येतो. शिवाय खेळता खेळता हात गरम होऊन बोटे थोडी सुजतात, म्हणजे आधी जेमतेम बसणारे भोक तिसऱ्या गेमला आणखी आवळते. मग ९ नंतर १० पौंडांचा घेतला. अंगठा छान बसला. वहिनी खूश झाल्या, म्हणाल्या, "हाच!" मी म्हटले, "थांबा, अजून वीत मोजायची आहे."

स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या काठापासून बोटांच्या भोकांच्या काठापर्यंतचे अंतर. आपण हाताने वीत मोजतो, तशी ही बॉलची वीत समजा. हाऊस बॉल धरताना मधले बोट आणि अनामिका ही दोन बोटे त्यांच्या मधल्या सांध्यापर्यंत भोकात जातात. पण मोजताना ती आत घालायची नाहीत. अंगठा पूर्ण आत ठेवायचा, तळहात बॉलवर सैल टेकवायचा आणि ही दोन बोटे भोकांच्या वरून सरळ पसरायची. आता बोटांच्या मधल्या सांध्याची आतली रेघ कुठे येते ते पाहायचे. ती रेघ भोकाच्या जवळच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या काठाच्या पुढे साधारण पाव इंच, म्हणजे सहाएक मिलिमीटर पडली पाहिजे. पट्टी लागत नाही, अर्ध्या बोटाची रुंदी हा अंदाज पुरतो.

वहिनींची रेघ काठापर्यंत पोचतच नव्हती, चांगली बोटभर अलीकडे राहिली. म्हणजे बॉलची वीत त्यांच्या हाताच्या मानाने लांब. अशा बॉलमध्ये बोटे घातली की तळहात तंबूच्या कापडासारखा ताणला जातो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी ओढली जाते, अंगठ्याचे बूड भोकाच्या काठावर दाबले जाते. पहिल्या दहा-बारा वेळा काही जाणवत नाही, नंतर तळहातात जळजळ सुरू होते. याच्या उलट रेघ काठाच्या खूप पुढे गेली, तर वीत आखूड. मग बॉल आणि तळहात यांच्यात मोठी पोकळी राहते, बोटे वाकतात आणि पुन्हा तोच आवळण्याचा खेळ सुरू होतो.

याची खात्री करायची आणखी एक जुनी युक्ती आहे. अंगठा आणि दोन्ही बोटे घालून बॉल आधारावर ठेवायचा आणि कुणाला तरी तळहात व बॉल यांच्यामधून पेन्सिल सरकवायला सांगायचे. पेन्सिल अलगद जावी. अजिबात जात नसेल तर हात ताणलेला आहे. पेन्सिलच्या शेजारी बोटही जात असेल तर वीत आखूड आहे.

आता करायचे काय? १० पौंडांत अंगठा बसतो, वीत लांब. इथे बहुतेक माणसे कंटाळून तोच बॉल उचलतात. पण रॅकवर एकाच वजनाचे अनेक बॉल असतात आणि ते सगळे एकाच मापाने पाडलेले असतीलच असे नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेले बॉल एकाच रॅकवर नांदतात. आम्ही शेजारच्या, त्या क्षणी रिकाम्या असलेल्या लेनचे रॅकही पाहिले. तिसरा १० पौंडी बॉल निळा होता. अंगठा बसला, रेघ काठाच्या अर्धे बोट पुढे पडली, पेन्सिल गेली. मधले बोट आणि अनामिका आपापल्या भोकांत मधल्या सांध्यापर्यंत सहज गेली आणि अडकली नाहीत.

वजनाची पाळी आता आली. मी मुद्दाम ११ पौंडांचाही एक चांगला बसणारा बॉल शोधून ठेवला होता. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून वहिनींना लेनच्या तोंडाशी उभे केले. बॉल हातात, हात शरीराच्या बाजूला सैल, आणि घड्याळाच्या लंबकासारखे चार-पाच हळू झोके. बॉल सोडायचा नाही. तीन गोष्टी पाहायच्या. मनगट सरळ राहते का, की बॉलच्या ओझ्याने मागे मोडते? खांदा त्या बाजूला झुकतो का? झोका सरळ जातो का, की बॉल पोटरीवर आदळू नये म्हणून हात बाहेरून वळसा घेतो? ११ पौंडांना तिसऱ्याच झोक्याला मनगट मागे वाकले. १० पौंडांना पाचही झोके सरळ गेले. निकाल लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वहिनी म्हणाल्या, "हा नऊपेक्षाही हलका वाटतो." वाटणारच. नीट बसलेला बॉल हाताला हलका लागतो, कारण पिळून धरण्यात ताकद जात नाही. म्हणूनच भोके तपासण्याआधी ठरवलेले वजन बहुतेक वेळा चुकते. आणि उगाच फार हलका बॉल घेऊ नये, हेही सांगतो. अगदी हलका बॉल पिनांना लागताच बाजूला ढकलला जातो. मग माणूस झोक्याऐवजी खांद्याच्या जोराने तो फेकू लागतो आणि दुखणे मनगटातून खांद्यात जाते.

बॉल बरोबर निवडला की नाही, हे पहिल्या पाच-सहा खेपांत कळते. बॉल सोडताना अंगठा आधी बाहेर आला पाहिजे आणि बोटे त्याच्या मागोमाग. बॉल लेनवर अलगद उतरतो आणि घरंगळत जातो. तो फाऊलच्या रेघेच्या बराच पुढे हवेत जाऊन धप्पकन आदळत असेल, तर अंगठा अडकतो आहे. तो पायाशीच, वेळेआधी गळून पडत असेल, तर अंगठा सैल आहे. अशा वेळी टाकायची पद्धत सुधारत बसण्याआधी बॉल बदलून पाहावा. आम्ही अंगठ्याचे भोक किंचित मोठे असलेला आणखी एक १० पौंडी बॉल बाजूला ठेवला होता. तिसऱ्या गेमला वहिनींचा अंगठा किंचित फुगला, तेव्हा तो कामी आला.

एक छोटी सवय आणखी. टाकलेला बॉल यंत्रातून परत येतो तेव्हा पुष्कळ जण अंगठा-बोटे भोकात घालून तो एका हाताने उचलतात. सगळे वजन एकदम अंगठ्याच्या बुडावर येते. शिवाय मागून दुसरा बॉल येऊन दोघांमध्ये बोटे चेमटतात. बॉल नेहमी दोन्ही हातांनी, त्याच्या दोन बाजूंना तळवे लावून उचलावा. उचलून डाव्या तळव्यावर घ्यावा आणि मगच उजव्या हाताची बोटे भोकात घालावीत. डावखुऱ्यांनी उलट करावे. झोका सुरू होईपर्यंत भार दुसऱ्या हातावरच असावा.

इतके करूनही दुखले तर? इथे दुखण्या-दुखण्यातला फरक ओळखायला हवा. दुसऱ्या दिवशी दंड आणि मांडी थोडी आंबली, तर ते नवीन व्यायामाचे आहे, दोन दिवसांत जाते. पण अंगठ्याच्या आतल्या कडेला, म्हणजे तर्जनीकडच्या बाजूला मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला, किंवा तिथे दाबल्यावर झिणझिण्या आणणारी बारीक गाठ लागली, तर खेळ त्याच क्षणी थांबवावा. त्या जागेतून अंगठ्याची एक संवेदनवाहक नस अगदी कातडीलगत जाते. भोकाचा काठ तिच्यावर पुन्हा पुन्हा दाबला गेला की तिच्याभोवती जाड तंतू तयार होतात. वैद्यकशास्त्रात या दुखण्याला बोलरचा अंगठा असेच नाव आहे. वेळीच खेळ थांबवला आणि भोकाचा काठ किंवा माप बदलले तर बहुधा ते आटोक्यात येते. दुर्लक्ष करून खेळत राहिले तर लांबते. म्हणून मुंग्या आणि बधिरपणा यांच्यासाठी हाताच्या डॉक्टरांना दाखवावे, मलम चोळत बसू नये.

ज्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी आधीच संधिवात आहे, किंवा बोट मिटल्यावर अडकून खटकन उघडते, त्यांना भोके तपासून पुरेसा उपयोग होत नाही. त्यांनी अंगठा न घालता, दोन्ही हातांनी बॉल धरून खालून हळू सोडावा. त्यात कमीपणा नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटी हा जगज्जेता खेळाडू अंगठा न वापरता, दोन हातांनीच खेळून नावारूपाला आला. त्याच्यासारखी गिरकी आपल्याला घ्यायची नाही, कारण तसे केले तर कंबर बोलू लागेल. लहान मुलांसाठी ठेवलेली लोखंडी घसरगुंडी मोठ्यांनीही वापरायला हरकत नसते, फक्त मागावी लागते.

शेवटी स्वतःच्या बॉलविषयी. महिन्यातून तीन-चार वेळा खेळणाऱ्याने हाऊस बॉलच्या रॅकमध्ये शोधत बसण्यापेक्षा साध्या प्लास्टिकचा बॉल विकत घेऊन आपल्या मापाने भोके पाडून घ्यावीत. पाडणारा जाणकार असेल तर तो आधी अंगठ्याचे माप घेतो, मग मधल्या बोटाची आणि अनामिकेची वीत वेगवेगळी मोजतो, कारण ती सहसा सारखी नसते, आणि भोकांचे काठ गोलसर घासून देतो. भोक पुढे सैल वाटले तर आत चिकटवायची खास पट्टी मिळते, एकावर एक लावून ते बसते करता येते. बोटे पहिल्याच पेरापर्यंत घालायची पद्धत, जिला फिंगरटिप म्हणतात, ती बॉलला गिरकी देण्यासाठी असते. तिच्यात बोटांच्या शिरांवर आणि मनगटावर ताण जास्त येतो. अधूनमधून खेळणाऱ्याने दुकानदाराच्या आग्रहाला न भुलता मधल्या सांध्यापर्यंतची साधी पकडच घ्यावी.

तर श्रोतेहो, त्या रविवारी वहिनी तीन गेम खेळल्या. गुण काही फार झाले नाहीत, ७४, ८१ आणि पुन्हा ७४. सोमवारी सकाळी मीच फोन केला. मित्राने उचलला आणि म्हणाला, "थांब, ती पोळ्या लाटतेय, मागाहून बोलेल." मला जे विचारायचे होते, त्याचे उत्तर मिळाले होते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)